वरूडहून येणाऱ्या ग्राहकाची उद्याची भेट आज संध्याकाळी हलवायची असेल तर

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या बॉक्सचा छोटा कारखाना आहे. उद्या, बुधवारी २० ऑगस्टला सकाळी ११ वाजता वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी सॅम्पल पाहून दर पक्का करायला येणार आहेत. वयाने मोठे आहेत, ऑर्डरही मोठी आहे. आज संध्याकाळी साडेपाचला बँकेतून फोन आला की उद्या साडेदहाला स्टॉक तपासायला अधिकारी येत आहेत. शुक्रवारी पोळा आहे. काकाजींना वाईट न वाटता भेट पुढे कशी ढकलू? व्हॉट्सॲप करू की फोन? काय कारण सांगू?

उत्तर: फोनच करा, आणि तो आज रात्री आठच्या आत करा. पण नंबर फिरवण्याआधी पंधरा मिनिटं दोन कामांना द्या, कारण फोनवर काय बोलायचं हे त्या कामांवर ठरतं.

पहिलं काम बँकेचं. दोन कामं एकमेकांवर आली की आपण सहसा आपल्या माणसाला हलवतो आणि ऑफिसला हलवत नाही, कारण ऑफिसला विचारायचा संकोच वाटतो. इथे मात्र बँकेचे अधिकारी फार तर शहरातूनच येणार आहेत आणि काकाजी अडीच तासांचा रस्ता कापून येणार आहेत. शाखेत आत्ताच फोन करून एवढंच विचारा: "साहेब, तपासणी दुपारी ३ नंतर होऊ शकेल का? सकाळी बाहेरगावची पार्टी येते आहे." कॅश क्रेडिट खात्याची नेहमीची तपासणी असेल तर अधिकाऱ्याला गोदामातला माल, स्टॉक रजिस्टर आणि तुम्ही दिलेलं स्टॉक स्टेटमेंट यांचा मेळ घालायचा असतो. काही शाखा वेळ बदलून देतात. काही शाखा तुमच्या भागीदाराने किंवा अकाउंटंटने कागद दाखवले तरी चालवून घेतात, सहीपुरते तुम्ही हजर असलात की झालं. तसं असेल तर काकाजींची भेट हलवायचं कारणच उरत नाही. मधे पंधरा मिनिटं उठून जावं लागेल, एवढंच त्यांना आल्यावर सांगायचं. बँकेने दोन्हींना नकार दिला तरच पुढचं वाचा.

दुसरं काम म्हणजे काकाजींच्या बाजूने उद्याचा दिवस मांडून पाहणं. वरूडहून काटोलमार्गे हिंगण्याला यायला पावसाळ्यात अडीच तास धरले तर ते साधारण आठच्या आसपास निघतील. म्हणजे ड्रायव्हरला आज रात्रीच निरोप जाणार. मोठा व्यापारी एकटा येत नाही, सोबत भागीदार किंवा मुलगा असतो, त्यांचाही दिवस यात अडकलेला असतो. आणि एवढ्या लांबून माणूस एकाच कामासाठी क्वचित येतो. संत्र्याच्या व्यापाऱ्याचं कळमना मार्केटमध्ये काम असतं, एखादा अडत्या भेटायचा असतो, घरच्यांनी सीताबर्डीवरून काही आणायला सांगितलेलं असतं. तुमचे ११ वाजले की त्याच्या आगेमागे त्यांनी हे सगळं लावलेलं असतं. तुम्ही फक्त तुमची भेट हलवता, पण तिकडे पूर्ण दिवस विस्कटतो. म्हणून फोनवर विचारायचा सर्वात कामाचा प्रश्न हा आहे: "नागपुरात अजून काही कामं जोडली आहेत का?" याच्या उत्तरावरच कोणता पर्याय द्यायचा ते ठरेल.

आता तारखा पाहू, कारण या आठवड्यात त्या फार अडचणीच्या आहेत. शुक्रवारी २२ ला पोळा. वरूडचा व्यापारी त्या दिवशी गाव सोडणार नाही आणि त्याला तसं विचारणंही बरं दिसत नाही. शनिवारी तान्हा पोळा, आणि नागपुरात मारबत. काळी-पिवळी मारबत निघाली की महाल, इतवारीकडचे रस्ते दुपारपर्यंत भरलेले असतात, त्यामुळे शहरातली बाकीची कामं त्या दिवशी होत नाहीत. रविवार गेला की सोमवार २५ एक मोकळा दिवस, मंगळवारी हरतालिका, बुधवारी गणपती बसतात. म्हणजे "पुढच्या आठवड्यात बघू" असं म्हणालात तर खरं तर दहा-बारा दिवस गेले. अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून निघायला लागतो. त्याआधी बॉक्सची डाय बनायची, छपाईचा स्टिरिओ यायचा, सॅम्पल पास व्हायचं. त्यांना हे दहा-बारा दिवस परवडणारे नाहीत, आणि दुसरा बॉक्सवाला शोधायला ते पुरेसे आहेत.

यातून तुमच्या हातात दोन चांगले पर्याय उरतात. पहिला: उद्याच, पण दुपारी ३ वाजता. २ म्हणू नका. तपासणी साडेदहाला सुरू होऊन दीडपर्यंत संपेल असं वाटत असलं तरी मोजणी लांबते, एखादं बिल सापडत नाही, आणि तुम्ही त्याच माणसाला दुसऱ्यांदा ताटकळत ठेवता. ४ ही नको, कारण मग ते काळोखात घरी पोचतात. ३ ला बसलात आणि सव्वाचारला त्यांना मोकळं केलंत तर ते सातच्या आसपास वरूडला असतील. दुसरा पर्याय: गुरुवारी २१ ला सकाळी तुम्ही सॅम्पल घेऊन वरूडला जायचं. माझ्या मते हाच पहिला पसंतीचा असावा, फक्त त्यांनी उद्या नागपुरात दुसरी कामं लावलेली नसतील तर. वेळ तुम्ही बदलता आहात, तेव्हा प्रवास तुमच्या वाट्याला आला की त्यांना तुमची दिलगिरी कळते. ती शब्दांत वेगळी पटवावी लागत नाही. सोमवार हा तिसरा पर्याय मनात ठेवा, आपणहून पुढे करू नका.

पर्याय दोनच द्या. "तुम्ही सांगाल तेव्हा" हे नम्र वाटतं, पण त्यामुळे पंचांग पाहायचं, गाडी पाहायची, सोबतच्यांना विचारायचं हे सगळं काम तुम्ही अडचणीत आणलेल्या माणसावरच पडतं. पाच पर्याय दिले तरी तेच होतं.

कारण किती सांगायचं, याबद्दल थोडं सविस्तर. तुम्हाला वाटत असेल की ग्राहकासमोर बँकेचं नाव काढलं तर पैशाची ओढाताण आहे असा अर्थ निघेल. "बँकेचे लोक येऊन राहिले" एवढंच अर्धवट सांगितलंत तर तो नक्की निघेल. पण कॅश क्रेडिट त्यांच्याकडेही असण्याची शक्यता बरीच आहे, आणि स्टॉक तपासणी काय असते हे व्यापाऱ्याला समजावून द्यावं लागत नाही. "बँकेची नेहमीची स्टॉक तपासणी आहे, तारीख त्यांनी आज साडेपाचला कळवली" असं पूर्ण सांगितलं तर शंकेला जागा राहत नाही. तरीही सांगायचं नसेल तर "कारखान्यात एक नेहमीची तपासणी लागली आहे, मालक म्हणून मला हजर राहावं लागतं" हेही खरं आहे आणि पुरेसं आहे. एक वाक्य कारणाला द्या, दुसरं देऊ नका. कारण लांबलं की ते बचावासारखं ऐकू येतं.

घरात कोणी आजारी आहे, गाडी बंद पडली, असली खोटी कारणं मात्र काढू नका. आपल्याकडे आजारपण सांगितलं की माणूस चौकशीचा फोन करतो, नागपुरात आला तर दवाखान्यात डोकावून जातो, चार महिन्यांनी लग्नात भेटला तरी "आईची तब्येत कशी आहे आता?" विचारतो. आणि इथे तर काकाजी दुसऱ्या कामाने त्या बाजूला आलेच आणि तुम्हाला गेटवर बँकेच्या अधिकाऱ्यासोबत पाहिलं, तर भेट हलवल्याचा राग राहील बाजूला, खोटं बोलल्याचा राग धरतील.

आता प्रत्यक्ष फोन. मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत यायला हवी. "काय म्हणता काकाजी, पाऊसपाणी कसं आहे, यंदा फळ कसं धरलं" अशी पाच मिनिटं घालवून मग "बरं, एक सांगायचं होतं" म्हटलं की आधीची सगळी विचारपूस खोटी वाटायला लागते. विचारपूस शेवटी करा, तेव्हा ती मनापासूनची असते. साधारण असं बोला:

"काकाजी, नमस्कार. उद्याच्या ११ च्या भेटीबद्दल फोन केला. ती वेळ मला बदलावी लागते आहे, तुम्ही निघायच्या आत सांगावं म्हणून लगेच फोन केला. बँकेची नेहमीची स्टॉक तपासणी उद्या साडेदहाला लागली, त्यांनी आत्ताच साडेपाचला कळवलं, आणि त्यांनी वेळ बदलून दिली नाही. तुम्ही नागपुरात उद्या अजून काही कामं जोडली आहेत का?"

इथे थांबा. हे थांबणं अवघड जातं, पण पुढचं बोलणं त्यांचं आहे. कदाचित ते चिडतील: "आता सांगून राहिले का तुम्ही? गाडी सांगून ठेवली ना मी." याला उत्तर म्हणून कारण पुन्हा सांगू नका. "बरोबर आहे काकाजी, त्रास तुम्हाला झाला" एवढं म्हणा आणि प्रश्न पुन्हा विचारा. "सॉरी" एकदा, स्पष्ट. चार-पाच वेळा म्हटलं की समोरच्याला "असू द्या, असू द्या" म्हणत तुमचीच समजूत काढावी लागते, आणि चिडलेल्या माणसाला ते आणखी जाचतं.

ते म्हणाले की कळमन्यात काम आहे, यायचंच आहे, तर: "मग तुमचं सकाळचं काम आधी उरकून घ्या आणि ३ वाजता कारखान्यात या. सव्वाचारपर्यंत मी तुम्हाला मोकळं करतो." ते म्हणाले की फक्त तुमच्याकडेच येणार होतो, तर: "मग तुम्ही येऊच नका. गुरुवारी सकाळी ११ ला मी सॅम्पल घेऊन वरूडला येतो. पोळ्याच्या आधी तुमचं काम होऊन जाईल." तुम्ही दिलेला वेळ त्यांना जमत नसेल तर ते आपणहून तिसरा सांगतील. तेव्हा "बघतो" म्हणू नका, तिथल्या तिथे हो म्हणता यावं यासाठी गुरुवार आणि सोमवार आधीच मोकळे करून मग फोन करा.

फोन ठेवण्याआधी एक गोष्ट आणखी द्या, जिचा दिलगिरीपेक्षा जास्त उपयोग होईल. भेट दरासाठी होती ना? मग सांगा की मागच्या वेळी बोललेला दर भेट होईपर्यंत तसाच धरतो, मधे क्राफ्ट पेपरचा भाव हलला तरी. तुमच्या उशिराने त्यांचं एक पैशाचंही नुकसान होणार नाही हे त्यांना यातून कळतं. हे फक्त तेव्हाच म्हणा जेव्हा तुम्हाला ते परवडतं. डिझेलचे किंवा टोलचे पैसे देऊ करू नका. बरोबरीच्या व्यापाऱ्याला ते हिणवल्यासारखं वाटतं.

फोन झाला की दहा मिनिटांत व्हॉट्सॲप पाठवा. बोलून ठरलेल्या गोष्टी दोघांच्या डोक्यात वेगवेगळ्या राहतात, त्यात वार आणि तारीख सर्वात आधी बदलते. "सोमवारी" म्हणजे येत्या की त्याच्या पुढच्या, यावरून लोक खरोखर चुकतात. मेसेज असा असावा:

"काकाजी, आत्ता बोलल्याप्रमाणे: उद्या बुधवार २० ऑगस्टची ११ ची भेट नाही. त्याऐवजी गुरुवार २१ ऑगस्ट, सकाळी ११, तुमच्या वरूडच्या दुकानी. मी स्वतः येतो, सोबत ३ प्लाय आणि ५ प्लायची सॅम्पल आणि लेखी दर आणतो. दर बोललो तोच राहील. मिळाल्यावर कृपया 'हो' कळवा."

पहिल्या ओळीतच "उद्याची भेट नाही" यायला हवं. मोबाइलच्या पडद्यावर वर येणाऱ्या सूचनेत फक्त सुरुवात दिसते, आणि "काकाजी नमस्कार, आपल्या कृपेने सर्व ठीक" एवढंच दिसलं तर तो मेसेज सकाळी गाडीत बसल्यावर उघडला जातो. निळ्या टिकांवर विसंबू नका. व्यापाऱ्याचा फोन बऱ्याचदा मुलगा किंवा मुनीम पाहतो, आणि काहींनी निळ्या टिका बंद केलेल्या असतात. उत्तर आलं तरच निरोप पोचला.

फोन उचललाच नाही तर? अर्ध्या तासाने पुन्हा करा. दरम्यान वरचाच मेसेज थोडा बदलून पाठवा: पहिली ओळ "उद्या ११ ची भेट बदलावी लागते आहे, निघण्याआधी कृपया फोन करा." नव्या वेळेबद्दल त्यात काही ठरवून टाकू नका, ते बोलूनच ठरवा. मग त्यांच्या मुलाला किंवा खरेदी पाहणाऱ्या माणसाला फोन करा. त्याला पूर्ण कहाणी सांगायची गरज नाही, "काकाजींनी निघण्याआधी माझ्याशी बोलावं" एवढं पोचलं पाहिजे. रात्री नऊनंतर फोन थांबवा, आणि सकाळी पावणेसातला पुन्हा सुरू करा. गावाकडे त्या वेळेला माणूस उठलेला असतो आणि अजून निघालेला नसतो.

इथेच सर्वात मोठी गफलत होते. मेसेज टाकला की आपल्या मनात भेट रद्द झालेली असते. पण काकाजींचं "हो" येईपर्यंत ११ ची भेट कायम आहे असंच धरायचं, आणि कारखान्यात तशी तयारी ठेवायची. गेटवरच्या माणसाला त्यांच्या गाडीबद्दल सांगून ठेवा. नाहीतर सत्तरीचा माणूस अडीच तास प्रवास करून दारात उभा राहतो आणि वॉचमन म्हणतो, "साहेब तर बिझी आहेत." त्यानंतर फुलं नेऊनही उपयोग होत नाही.

आणि ते खरोखर निघालेले असतील, काटोल ओलांडून आलेले असतील, तर त्यांना परत पाठवायचं नाही. वेळ हलवायची मुदत तिथे संपली. आता भेटीचे दोन भाग करा. सॅम्पल पाहणं, बॉक्सचं माप, किती प्लाय, छपाईत किती रंग, हवा जायला भोकं कुठे, बॉक्स थरावर थर रचून पाहणं, हे सगळं तुमच्याशिवाय होऊ शकतं. तुमचा भाऊ, भागीदार किंवा जुना सुपरवायझर ११ ते १ हे करून घेऊ शकतो, फक्त त्याला आज रात्री बसवून सगळं समजावून ठेवा. दर आणि उधारीच्या अटी तुमच्यासाठी राखून ठेवा. ११ ला तुम्ही स्वतः पाच मिनिटं बाहेर येऊन नमस्कार करा, बँकेच्या माणसाला "पाच मिनिटं" सांगून उठता येतं. दीडला जेवण सोबत घ्या आणि जेवणानंतर दर बोला. त्यांना एकट्याने केबिनमध्ये चहा देऊन दोन तास बसवलं, तर त्याला भेट म्हणत नाहीत.

वेळ पक्की झाली की उरलेल्यांना तुम्हीच कळवा. काकाजींसोबत येणारा भागीदार, तुमच्याकडून बोलावलेला डायवाला, दुपारच्या जेवणाचं सांगितलेला माणूस. "काकाजी सांगतीलच" असं धरू नका, ते फार तर ड्रायव्हरला सांगतात. त्यांच्या खरेदीच्या माणसाला गुगल कॅलेंडरवर निमंत्रण पाठवलेलं असेल तर जुनं खोडून नवं बनवू नका. तेच उघडा, तारीख, वेळ आणि ठिकाण बदला, सेव्ह करताना पाहुण्यांना कळवायचं का असं विचारलं की हो म्हणा. जुनं खोडून नवं केलं की एकाला रद्द झाल्याची मेल दिसते, दुसऱ्याला नव्याची, आणि बोलणं पुन्हा सुरू होतं.

गुरुवारची भेट ठरली असेल तर ती आता कुठल्याही कारणाने हलता कामा नये. पहिल्यांदा हलवली तर अडचण समजून घेतली जाते. दुसऱ्यांदा हलवली तर तुमच्या डिलिव्हरीच्या तारखाही अशाच हलतील, असा हिशोब व्यापारी मनात करतो. म्हणून बँकेला उद्याच विचारून ठेवा की गुरुवारी त्यांचं काही उरणार आहे का, आणि उरणार असेल तर ते अकाउंटंटवर सोपवा. तरीही काही झालंच, तर भागीदाराला दर ठरवायचा पूर्ण अधिकार देऊन पाठवा. तो नुसता सॅम्पल दाखवून आला तर भेट तिसऱ्यांदा ठरवावी लागेल.

निघताना सॅम्पल प्रत्येक प्रकारची दोन घ्या, एक पाहायला आणि एक तिथे ठेवून यायला. पावसात पुठ्ठा ओलावा धरतो आणि सॅम्पल मऊ पडलं की दर बोलायची सोयच राहत नाही, म्हणून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटवर ठेवा, कॅरिअरवर नको. ११ ला पोचायचं तर आठला निघा, आणि काटोलला पोचलात की काकाजींना एक फोन करून किती वाजता येताय ते सांगा.